एलओआर: प्राध्यापकांच्या शिफारसपत्रात वाचणारा नेमकं काय शोधतो?

परदेशात मास्टर्सला अर्ज करायचा म्हटलं की घरात चर्चा होते ती गुणांची, इंग्रजीच्या परीक्षेची आणि खर्चाची. शिफारसपत्र, म्हणजे विद्यार्थी ज्याला एलओआर म्हणतात ते, यादीत तळाशी राहतं. मुदत दोन आठवड्यांवर आली की मग धावपळ सुरू होते. ओळखीच्या सरांना फोन जातो, सिनियरकडून एखादा जुना नमुना मिळवला जातो, त्यात नाव बदललं जातं आणि काम झालं असं वाटतं.

दरवर्षी अनेक चांगल्या विद्यार्थ्यांची पत्रं अशीच तयार होतात, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण संपूर्ण अर्जात ही एकच गोष्ट अशी आहे जी विद्यार्थ्याबद्दल दुसरं माणूस बोलतं. बाकी सगळं विद्यार्थी स्वतः सांगतो, नाहीतर आकडे सांगतात. या पत्राचं काम काय, ते कोणत्या वाटेने पोहोचतं आणि वाचणारा त्यात काय पाहतो हे एकदा कळलं, तर कोणाला विचारायचं आणि काय विचारायचं हे आपोआप ठरत जातं.

पत्र पोहोचतं कसं

आधी यंत्रणा समजून घेऊ. पत्र बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्याच्या हातून जात नाही. विद्यापीठाच्या अर्जाच्या पोर्टलवर विद्यार्थी शिफारस करणाऱ्या प्राध्यापकांचं नाव, पद आणि ईमेल भरतो. मग पोर्टलकडून थेट प्राध्यापकांना एक लिंक जाते. ती उघडून ते एक छोटा फॉर्म भरतात आणि संस्थेच्या लेटरहेडवर लिहिलेलं, सही केलेलं पत्र पीडीएफ स्वरूपात चढवतात. विद्यार्थ्याला आपल्या खात्यात फक्त एवढंच दिसतं की पत्र आलं आहे की नाही.

ईमेलचा पत्ता शक्यतो संस्थेचा असावा लागतो. काही विद्यापीठं तशी स्पष्ट अट घालतात, आणि जिथे अट नसते तिथेही खासगी पत्त्यावरून आलेल्या पत्राकडे जरा जास्त बारकाईने पाहिलं जातं. ज्या प्राध्यापकांना संस्थेचा ईमेल उघडायची सवय नाही, त्यांच्याकडे लिंक आठवडेच्या आठवडे पडून राहते किंवा स्पॅममध्ये जाते. म्हणून लिंक गेली त्याच दिवशी सरांना नम्रपणे सांगावं, "सर, आज विद्यापीठाकडून मेल आला असेल, स्पॅममध्येही एकदा पाहाल का?"

किती पत्रं लागतात हे देशानुसार आणि अभ्यासक्रमानुसार बदलतं. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तीन मागतात, ब्रिटनमध्ये सहसा दोन, आणि जर्मनीतल्या अनेक अभ्यासक्रमांना एकही लागत नाही. अमेरिकेतल्या पुष्कळ अर्जांची मुदत डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान येते. प्राध्यापकांना निदान सहा ते आठ आठवडे आधी विचारायला हवं, कारण त्याच सुमारास परीक्षा असतात आणि तुमच्यासारखे आणखी बरेच जण त्यांच्या दारात उभे असतात.

पत्राआधीचा तो छोटा फॉर्म

फॉर्मबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून त्याकडे थोडं थांबून पाहू. त्यात पहिले प्रश्न साधे असतात: विद्यार्थ्याला किती काळ ओळखता, कोणत्या नात्याने ओळखता? त्यानंतर अनेक ठिकाणी एक तक्ता येतो. बौद्धिक क्षमता, स्वतंत्र विचार, लेखन, बोलणं, इतरांबरोबर काम करणं अशा ओळी असतात आणि प्रत्येक ओळीपुढे रकाने: पहिल्या २ टक्क्यांत, पहिल्या ५ टक्क्यांत, पहिल्या १० टक्क्यांत, पहिल्या २५ टक्क्यांत, आणि शेवटी "सांगता येत नाही". रकान्यांचे आकडे विद्यापीठागणिक थोडे बदलतात, पण मांडणी साधारण अशीच असते.

प्रेमापोटी बरेच प्राध्यापक सगळ्या ओळींमध्ये सर्वांत वरच्या रकान्यात खूण करतात. विद्यार्थ्याचं भलं व्हावं हाच हेतू असतो, पण परिणाम उलटा होतो. एकाच कॉलेजातून एकाच वर्षी एकाच विद्यापीठाला चार-पाच अर्ज जाणं नेहमीचं आहे, आणि ते अर्ज अनेकदा एकाच माणसाच्या टेबलावर येतात. त्यातल्या तिघांना एकाच प्राध्यापकाने "या तुकडीतला सर्वोत्तम विद्यार्थी" म्हटलं असेल, तर तिघांच्याही पत्राची किंमत शून्य होते. त्या प्राध्यापकाच्या पुढच्या वर्षीच्या पत्रांवरही त्याची सावली पडते.

याउलट, बौद्धिक क्षमतेत पहिल्या ५ टक्क्यांत, लेखनात पहिल्या २५ टक्क्यांत, आणि एखाद्या ओळीपुढे प्रामाणिकपणे "सांगता येत नाही", असा तक्ता असेल तर वाचणाऱ्याला जाणवतं की या माणसाने विचार करून खुणा केल्या आहेत. मग वरच्या रकान्यातली खूणही खरी वाटते. तक्ता आणि पत्र एकमेकांना धरून असणंही तेवढंच महत्त्वाचं आहे. पत्रात "माझ्या पाहण्यातली सर्वांत हुशार मुलगी" आणि तक्त्यात "पहिल्या २५ टक्क्यांत" असं असेल तर वाचणारा तक्त्यावरच विश्वास ठेवतो.

सगळेच चांगलं लिहितात, मग ही पत्रं वाचतात तरी कशाला?

ही शंका रास्त आहे. वाईट पत्र जवळजवळ कोणीच लिहीत नाही. ज्याला चांगलं लिहायचं नसतं तो सहसा नकार देतो. त्यामुळे "हुशार, मेहनती, शिस्तप्रिय, नम्र" हे शब्द बहुतेक पत्रांत असतात. जे सगळ्यांच्याच पत्रात असतं, त्याने कोणालाच वेगळं काढता येत नाही.

इथे कोर्टातल्या साक्षीदाराची तुलना उपयोगी पडते. "आरोपी सज्जन माणूस आहे" असं शंभर जणांनी सांगितलं, तरी न्यायाधीशाच्या हाती काही लागत नाही. "त्या रात्री आठ वाजता तो माझ्यासमोर बसला होता" असं सांगणारा एक जण आला की खटल्याला वळण लागतं. प्रवेश समिती पत्रात असाच साक्षीदार शोधत असते: काय पाहिलं, कधी पाहिलं, किती जवळून पाहिलं. विशेषण हा साक्षीदाराचा निष्कर्ष झाला, आणि निष्कर्ष काढायचं काम समितीला स्वतःला करायचं असतं. तिला प्रसंग हवा असतो.

याच कारणाने गुणपत्रिकेतली माहिती पत्रात पुन्हा लिहिणं ही जागेची नासाडी आहे. "तिला सातव्या सत्रात ८.९ सीजीपीए होता" हे समितीने आधीच वाचलेलं असतं. गुणपत्रिकेला जे दिसत नाही तेच पत्राने सांगायचं: अडचण आल्यावर ती काय करते, चूक सापडली की लपवते की दाखवते, प्रश्न कसे विचारते, न सांगता किती पुढे जाते.

पत्रांच्या भाषेवर झालेला एक अभ्यास इथे आठवतो. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेन्का या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापकपदासाठी आलेली ३००हून अधिक शिफारसपत्रं तपासली आणि २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ती पत्रं नोकरीसाठीची होती, विद्यार्थ्यांची नव्हती, पण भाषेचा मुद्दा इथेही लागू पडतो. स्त्रियांसाठीची पत्रं सरासरीने आखूड होती, त्यांत मनात शंका पेरणारी वाक्यं जास्त होती आणि संशोधनापेक्षा कष्टाळूपणा, मनमिळाऊपणा यांवर भर जास्त होता. लिहिणाऱ्यांना वाईट लिहायचं नव्हतं. तरीही "ती खूप मेहनती आहे" एवढ्यावर थांबलेलं पत्र वाचणाऱ्याला असं सांगून जातं की बुद्धीबद्दल सांगण्यासारखं काही नसावं. मुलींना पत्र देताना प्राध्यापकांनी हे विशेष लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

एकच विद्यार्थिनी, दोन पत्रं

आता एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगच्या मास्टर्ससाठी अर्ज करते आहे. तिच्या गटाचा प्रकल्प होता सिमेंटचा काही भाग कमी करून त्याजागी फ्लाय ॲश, म्हणजे औष्णिक वीजकेंद्रात कोळसा जळल्यावर उरणारी बारीक राख, घालून काँक्रीटची ताकद तपासण्याचा. अशा प्रकल्पात काँक्रीटचे १५० मिलिमीटर बाजू असलेले घनाकृती ठोकळे ओततात, पाण्यात ठेवतात आणि २८ दिवसांनी यंत्राखाली दाबून फोडतात. ठोकळा किती भार सोसून फुटला यावरून ताकद काढतात.

तिच्या मार्गदर्शकांनी लिहिलेलं पहिलं पत्र असं आहे. मूळ पत्र इंग्रजीत असेल, इथे त्याचा आशय मराठीत देतो:

"ही विद्यार्थिनी अत्यंत हुशार, मेहनती आणि प्रामाणिक आहे. तिची विषयावर उत्तम पकड आहे. तिने शेवटच्या वर्षाचा प्रकल्प यशस्वीपणे पूर्ण केला. तिच्या अंगी नेतृत्वगुण असून ती सर्वांशी मिळूनमिसळून वागते. ती आपल्या विद्यापीठाचं नाव उज्ज्वल करेल याची मला खात्री आहे."

यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण नाव बदललं तर हेच पत्र वर्गातल्या कोणालाही देता येईल. लिहिणाऱ्याने तिला खरंच काम करताना पाहिलं आहे, याचा यात कुठेच पुरावा नाही.

आता त्याच मार्गदर्शकांचं दुसरं पत्र:

"मी तिला दोन वर्षं ओळखतो. काँक्रीट टेक्नॉलॉजी हा विषय मी तिला शिकवला आणि शेवटच्या वर्षी तिच्या चार जणांच्या गटाचा मार्गदर्शक होतो. २८ दिवसांच्या चाचणीत एका मिश्रणाच्या तीन ठोकळ्यांपैकी एकाची ताकद इतर दोघांपेक्षा बरीच कमी आली. गटातल्या बाकीच्यांचं मत होतं की तो आकडा वगळावा आणि दोघांची सरासरी घ्यावी. तिने आधी कारण शोधायचं ठरवलं. फोडलेल्या ठोकळ्याचे तुकडे तिने टाकून दिले नव्हते. ते पाहून तिच्या लक्षात आलं की तो ठोकळा यंत्रात चुकीच्या बाजूने ठेवला गेला होता. साच्यात ओतताना वर राहिलेला, थापीने सपाट केलेला खडबडीत पृष्ठभाग दाबाखाली आला होता. खरं तर साच्याला लागलेल्या गुळगुळीत बाजूंवर भार द्यायचा असतो. ते मिश्रण तिने पुन्हा ओतलं आणि आणखी २८ दिवस थांबली, त्यामुळे गटाचा अहवाल उशिरा सादर झाला. अहवालात तिने जुना आकडा, चूक आणि नवा आकडा तिन्ही नोंदवले. गेल्या सहा वर्षांत मी सुमारे ४०० विद्यार्थ्यांना हा विषय शिकवला आहे. प्रयोगातल्या विसंगतीकडे इतक्या गांभीर्याने पाहणारे मला त्यांत आठ-दहाच आठवतात. तिचं लेखन अजून घट्ट व्हायला हवं. पहिल्या मसुद्यात ती निरीक्षण आणि अनुमान यांची सरमिसळ करते, पण दाखवून दिल्यावर दुसऱ्या मसुद्यात ते दुरुस्त झालेलं असतं."

या पत्रात "प्रामाणिक" हा शब्द कुठेच नाही, "हुशार"ही नाही. तरी दोन्ही गोष्टी वाचणाऱ्याने स्वतः टिपल्या. आठ-दहा आणि चारशे हे आकडे आले, म्हणजे तक्त्यातल्या "पहिल्या ५ टक्क्यांत" या खुणेला आधार मिळाला. प्रकल्प यशस्वी झाला असं मिरवण्यापेक्षा अहवाल उशिरा गेला हे सांगितलं, आणि तोच तिच्या बाजूचा सगळ्यांत मोठा पुरावा ठरला.

लेखनातल्या त्रुटीचं वाक्य पाहून पालक घाबरतात. पण जी उणीव खरी आहे, नेमकी आहे, दुरुस्त होणारी आहे आणि दुरुस्त होताना लिहिणाऱ्याने पाहिली आहे, तिच्यामुळे बाकीच्या कौतुकाला वजन येतं. "कधीकधी जास्तच मेहनत करते" अशी उणिवेच्या वेषातली स्तुती मात्र टाळावी. ती लगेच ओळखू येते.

लांबीचं म्हणाल तर असं पत्र एक ते दीड पानात बसतं. अर्ध्या पानाच्या आत संपलेलं पत्र पाहिलं की लिहिणाऱ्याकडे सांगण्यासारखं फार नव्हतं, असाच अर्थ घेतला जातो.

विभागप्रमुखांचं किंवा प्राचार्यांचं पत्र जास्त वजनदार ठरत नाही का?

नाही, त्यांनी तुम्हाला प्रत्यक्ष शिकवलं किंवा मार्गदर्शन केलं असेल तरच. दोन वर्षं प्रयोगशाळेत तुमच्याबरोबर उभ्या राहिलेल्या सहायक प्राध्यापकांचं पत्र, तुम्हाला चेहऱ्याने ओळखणाऱ्या प्राचार्यांच्या पत्रापेक्षा कितीतरी पुढे असतं. मोठ्या पदावरच्या व्यक्तीला सांगायला प्रसंग नसले की ती संस्थेबद्दल लिहिते, अभ्यासक्रमाबद्दल लिहिते आणि शेवटी दोन ओळी तुमच्याबद्दल.

ज्यांचं संशोधन त्या क्षेत्रात माहीत आहे अशा प्राध्यापकांच्या पत्राला जास्त मान मिळतो, हे मात्र खरं आहे. समितीतल्या कोणाला त्यांचं काम ठाऊक असतं आणि त्यांच्या तुलनेवर विश्वास असतो. तरी तिथेही अट तीच राहते, त्यांनी तुमचं काम पाहिलेलं असायला हवं.

तीन पत्रं लागत असतील तर तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी पाहिलेल्या असाव्यात: एकाने वर्गातला अभ्यास, एकाने प्रकल्प, एकाने इंटर्नशिप किंवा नोकरीतलं काम. तिघांनीही एकाच प्रकल्पाचं वर्णन केलं तर दोन पत्रं वाया गेली. नोकरी करणाऱ्यांनी साहेबांचं एक पत्र जरूर घ्यावं, पण तिन्ही पत्रं नोकरीतली नसावीत, कारण तुम्ही अभ्यास कसा कराल हे शिक्षकच सांगू शकतात.

"तूच लिहून आण, मी सही करतो"

सगळ्यांत अवघड प्रसंग हा आहे, आणि तो फार जणांवर येतो. प्राध्यापकांवर तासिका, पेपर तपासणी आणि कागदोपत्री कामाचा भार असतो, इंग्रजी पत्र लिहायची सवय नसते, आणि ते म्हणतात, "तूच ड्राफ्ट करून आण." नाही म्हणायची विद्यार्थ्याची छाती होत नाही.

नैतिक प्रश्न बाजूला ठेवून आधी व्यवहार पाहू. विद्यार्थ्याला एक गोष्ट लिहिताच येत नाही: तुलना. गेल्या सहा वर्षांतल्या चारशे मुलांत आपण कुठे बसतो हे त्याला ठाऊकच नसतं, आणि पत्रातला सर्वांत मोलाचा भाग तोच. दुसरं, तीन पत्रं एकाच हाताने लिहिली की तिन्हींचा सूर एक होतो. तेच जोडशब्द, तशाच लांबीची वाक्यं, एसओपीमध्ये, म्हणजे विद्यार्थ्याने अर्जासाठी स्वतःबद्दल लिहिलेल्या निवेदनात, असलेलाच एखादा वाक्प्रयोग. हे सगळे कागद एकामागोमाग वाचणाऱ्याच्या ते चटकन लक्षात येतं. तिसरं, विद्यार्थी स्वतःबद्दल लिहिताना एकतर लाजतो नाहीतर फुगवतो. शिवाय पीडीएफ फाइलच्या माहितीत ती ज्याच्या संगणकावर तयार झाली त्याचं नाव राहून जाऊ शकतं.

आता नियमाकडे येऊ. अर्ज पाठवताना विद्यार्थी सर्व माहिती खरी असल्याची हमी देतो. पत्र प्रत्यक्षात दुसऱ्याने लिहिल्याचं उघड झालं तर प्रवेश नाकारला जाऊ शकतो, दिलेला प्रवेश काढूनही घेतला जाऊ शकतो. प्राध्यापकांच्या नावाने बनावट ईमेल उघडून स्वतःच पत्र चढवणं ही सरळसरळ फसवणूक आहे, त्याबद्दल वेगळं सांगायला नको.

मग करायचं काय? मसुदा देण्याऐवजी माहिती द्यायची. एक पान पुरतं. त्यावर लिहावं: तुमच्याकडे कोणता विषय कोणत्या सत्रात शिकलो आणि त्यात किती गुण मिळाले, कोणता प्रकल्प केला, त्यात माझ्या वाट्याचं काम कोणतं होतं, कुठे अडलो आणि कसा सुटलो, तुमच्याशी त्याबद्दल कधी बोललो. आपल्या उदाहरणातली विद्यार्थिनी एवढंच लिहील: "सर, मिश्रण तीनच्या एका ठोकळ्याचा आकडा कमी आला होता, आपण फोडलेले तुकडे टेबलावर मांडून पाहिले होते, तो दिवस तुम्हाला आठवत असेल." पुढचं पत्र सरांच्या आठवणीतून येतं. या पानाबरोबर बायोडेटा, एसओपीचा मसुदा, गुणपत्रिका आणि विद्यापीठांची मुदतीसह यादी द्यावी. विशेषणं एकही लिहू नयेत. तो निर्णय सरांचा आहे.

बहुतेक प्राध्यापकांना खरी अडचण लिहिण्याची नसते, आठवण्याची असते. साठ-सत्तर जणांच्या वर्गातल्या एका मुलीबद्दल दोन वर्षांनी काय आठवणार? ते पान हातात पडलं की काम तासाभराचं होतं. इतकं करूनही जे "नाही, पूर्ण पत्रच आण" म्हणतात, त्यांच्याऐवजी दुसऱ्या शिक्षकांना विचारावं असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला तुमच्याबद्दल चार ओळी लिहायला वेळ नाही, त्याने चढवलेल्या पत्राचा तक्ता तरी काळजीपूर्वक भरला जाईल का?

विचारायचं कसं

"सर, मला एलओआर द्याल का?" या प्रश्नाला शिष्टाचार म्हणून बहुतेक जण "हो" म्हणतात, आणि तो होकार फसवा असू शकतो. त्याऐवजी असं विचारावं: "मॅडम, माझ्या प्रकल्पाच्या कामाबद्दल तुम्हाला सविस्तर लिहिता येईल असं वाटतं का? नसेल तर मी दुसऱ्या कोणाला विचारेन, तुम्ही अजिबात संकोच करू नका." यात त्यांना सन्मानाने बाजूला होण्याची वाट मिळते आणि तुम्हाला खरं उत्तर. मॅडम क्षणभर थांबून "बघते, बायोडेटा पाठवून ठेव" म्हणाल्या तर तो सौम्य नकार समजावा. "हो, तो ठोकळ्याचा प्रकार ना?" असं म्हणाल्या, तर तुम्हाला तुमचा साक्षीदार मिळाला.

पत्र मला वाचायला का मिळत नाही?

अमेरिकेच्या अर्जात एक प्रश्न येतो: हे पत्र नंतर पाहण्याचा आपला हक्क तुम्ही सोडता का? अनेकांना यात काहीतरी गोम वाटते. त्याचं मूळ १९७४च्या फर्पा या कायद्यात आहे. विद्यार्थ्याला स्वतःची शैक्षणिक कागदपत्रं पाहण्याचा हक्क तो कायदा देतो. प्रवेश घेऊन त्या विद्यापीठात दाखल झाल्यावर फाइलमधलं शिफारसपत्रही त्यात येतं. पण हा हक्क स्वेच्छेने सोडता येतो, आणि तो सोडलाच पाहिजे अशी सक्ती विद्यापीठ प्रवेशासाठी करू शकत नाही. ज्याला प्रवेशच मिळाला नाही, त्याला तो हक्क मुळात लागू होत नाही.

सोडावा की ठेवावा? मी सोडावा असं सांगेन. विद्यार्थी पत्र वाचणार हे माहीत असलं की लिहिणारा हात आखडतो, आणि समितीलाही तसंच वाटतं. काही प्राध्यापक तर हक्क राखून ठेवला असेल तर लिहायलाच नकार देतात. "सरांनी वाईट लिहिलं तर?" ही भीती असेल, तर ती मिटवायची जागा वर सांगितलेला प्रश्न हीच आहे. ज्यांच्याबद्दल मनात शंका आहे त्यांचं नाव अर्जात भरूच नये.

चांगलं पत्र कमी गुण झाकू शकतं का?

काही प्रमाणात, आणि कारण दिलं तरच. तिसऱ्या सत्रात आजारपणामुळे गुण घसरले आणि पुढे सावरले, हे विद्यार्थ्याने सांगितलं तर सबब वाटते, शिक्षकांनी सांगितलं तर माहिती वाटते. मात्र ते लिहायची परवानगी आधी त्यांना द्यायला हवी. तुमच्या घरातली गोष्ट ते विचारल्याशिवाय लिहिणार नाहीत. जिथे गुणांची किमान मर्यादा ठरलेली असते आणि तिच्याखालचे अर्ज पुढे जातच नाहीत, तिथे पत्र उघडलंही जात नाही.

पत्राचं वजन सगळीकडे सारखं नसतं, हेही लक्षात घ्यावं. प्रबंध लिहावा लागणाऱ्या, संशोधनाकडे नेणाऱ्या मास्टर्समध्ये, किंवा प्राध्यापकाच्या हाताखाली काम करून शिष्यवृत्ती मिळणार असेल तिथे, पत्रं बारकाईने वाचली जातात, कारण तुम्हाला घेणारा माणूस तुमच्याबरोबर प्रत्यक्ष काम करणार असतो. शेकडो विद्यार्थी घेणाऱ्या, फक्त विषय शिकवणाऱ्या अभ्यासक्रमात गुण आणि पूर्वतयारी यांवर बराचसा निर्णय होतो आणि पत्रावर धावती नजर टाकली जाते. त्यामुळे विद्यापीठांची यादी करताना प्रत्येक अभ्यासक्रमाच्या पानावर तीन गोष्टी पाहून ठेवाव्यात: किती पत्रं हवीत, त्यांपैकी किती शिक्षकांचीच हवीत, आणि पत्रांची मुदत अर्जाच्या मुदतीबरोबरच संपते की नंतर. ती यादी सरांना पहिल्याच भेटीत द्यावी, म्हणजे एका विद्यापीठाच्या पत्रात दुसऱ्याचं नाव राहून जाण्याचा धोकाही टळतो.